दाबून वीस सेंटिमीटर

रोलरवर बसणारी बाई त्या भागात एकच होती, त्यामुळे तिला नावाची गरज कधी पडलीच नाही. सगळे रोलरमावशी म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की रोलर चालू असतानाही रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघेल. शाळा चौथीत सुटली होती. पण मोजायचं काम निघालं की फूट, मीटर, टन असं सगळं तिच्या तोंडावर असायचं, आणि ते कुठून आलं हे विचारणाऱ्याला ती एकच उत्तर द्यायची : "मार खाऊन."

मार तिने खाल्ला नव्हता, नवऱ्याने खाल्ला होता. तोही हाताचा नव्हे.

वीस वर्षांपूर्वी रोलर नवरा चालवायचा आणि ती त्याच्यापुढे घमेल्याने खडी पसरायची. एका गोदामाच्या दारापर्यंतचा रस्ता होता. खडी कमी आली. मुकादम म्हणाला, जेवढी आहे तेवढी सगळीकडे पुरवून पसरा, वरून ब्लॉक बसले की खाली कोण बघतंय. त्यांनी पुरवली. आठ महिन्यांत मालाच्या गाड्यांनी तिथे दोन चाकोऱ्या पाडल्या, पावसाचं पाणी त्यात साचलं आणि ब्लॉक हलत्या दातांसारखे खुळखुळायला लागले. मग शोध सुरू झाला चूक कुणाची याचा. खडी मोजणारा म्हणाला, खडी बरोबर होती. मुकादम म्हणाला, पसरली नीट होती. राहता राहिला रोलर. रोलरवाल्याने दाबली नाही, चार फेऱ्यांच्या जागी दोन मारल्या, झाडाखाली झोपला होता, असं बोलणं पसरलं, आणि बोलणं पसरायला खडीसारखी घमेली लागत नाहीत.

नवरा एक शब्द बोलला नाही. ती मात्र एका दुपारी पहार घेऊन एकटी त्या रस्त्यावर गेली आणि चाकोरीतले दोन ब्लॉक उचकटून खाली खणलं. वीतभर खडी हवी होती तिथे चार बोटं निघाली. जी होती ती दगडासारखी घट्ट होती, पहार टणकन उडत होती. म्हणजे रोलरने आपलं काम केलं होतं. ती चार बोटं तिने मुकादमाला दाखवली. तो म्हणाला, "बाई, हे आता कुणाला दाखवणार?" खरंच कुणाला दाखवता आलं नाही. नवऱ्याला त्यानंतर कुणी रोलरवर बसवलं नाही. पुढे त्याची पाठही गेली. घरी बसून तो स्वयंपाक करायला लागला, आणि तिला रोलर चालवायला त्यानेच शिकवलं, अंगणात दोन उलट्या बादल्यांवर बसवून, हातात लाटणं देऊन. शेजारीपाजारी हसले. ती म्हणाली, हसा, दात सगळ्यांनाच दिलेत.

त्या दिवसापासून तिने एक गोष्ट धरली ती सोडली नाही. गाडी आली की ती आधी वजनकाट्याची पावती बघायची. रोलर नंतर.

आता ज्या कामाची ही गोष्ट आहे ते एका दातांच्या डॉक्टरांचं. घर मागे, पुढे लांब मोकळी जागा, आणि घरातच दवाखाना. फाटकापासून पोर्चपर्यंत चाळीस मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद रस्ता करायचा होता. पेशंटच्या गाड्या येणार, आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर येणार. म्हणून कागदावर ठरलं होतं की चुऱ्यासकट खडीचा थर वीस सेंटिमीटर, दाबून. त्यावर तीन सेंटिमीटर वाळू आणि वर ब्लॉक.

"दाबून" हा शब्द कागदावर लहान अक्षरात होता. सगळं घोडं पेंड खायचं ते तिथेच.

ठेकेदार जुना होता, मावशीने त्याच्याकडे अकरा वर्षं काढली होती. वाईट माणूस नव्हता, पण एकदा तोंडातून आकडा गेला की तो त्याला स्वतःच्या मुलासारखा वाटायचा, त्याच्यात खोट काढलेली खपायची नाही. त्याने नवी इंजिनीअर ठेवली होती. पोरगी हुशार, कामाला वाघ, पण साइटवर येऊन चार महिनेच झालेले. तिने हिशोब केला : चाळीस गुणिले साडेतीन गुणिले वीस सेंटिमीटर म्हणजे अठ्ठावीस घनमीटर. क्रशरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की एक घनमीटर खडीचं वजन एक पूर्णांक सात टन. अठ्ठावीस गुणिले एक पूर्णांक सात, सुमारे अठ्ठेचाळीस. सोळा टनांच्या तीन गाड्या. गुणाकारात काडीची चूक नव्हती. ठेकेदाराने डॉक्टरांना तीन गाड्या सांगून टाकल्या.

मावशीला हे कळलं सोमवारी सकाळी, पहिली गाडी फाटकात वळली तेव्हा. तिने पावती बघितली, सोळा टन, आणि ड्रायव्हरला विचारलं अजून किती खेपा. दोन, तो म्हणाला. ती रस्त्याच्या खणलेल्या चराकडे बघत उभी राहिली. तिचा स्वतःचा एक ठोकताळा होता. सोळा टनांची गाडी दाबून सव्वासात घनमीटर भरते. साडेतीन मीटर रुंदी आणि वीस सेंटिमीटर जाडी असेल तर एक गाडी दहा मीटर रस्ता खाते, कडेला थोडी सांडलवंड धरून. चाळीस मीटरला चार गाड्या. यात तिला पाटी-पेन्सिल लागत नव्हती.

ती इंजिनीअरकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, एक गाडी कमी आहे."

इंजिनीअरने वही उघडून आकडे दाखवले. मावशीने ते नीट ऐकून घेतले. मग विचारलं की हे एक पूर्णांक सात कुठल्या खडीचं वजन. क्रशरच्या, ती म्हणाली. ढिगातल्या की रोलरखालच्या, मावशीने विचारलं. ढिगात खडीला खडी टेकलेली असते, मध्ये हवा असते. रोलर फिरला की हवा निघून जाते, चुरा फटीत जाऊन बसतो, त्याच घनमीटरमध्ये दोन पूर्णांक दोन टन मावतात. जागा मोजायची दाबलेली आणि वजन लावायचं सुट्या खडीचं, हे म्हणजे कपडे घड्या घालून ट्रंकेत किती बसतात ते मोजायला दोरीवर वाळत घातलेले धरण्यासारखं.

इंजिनीअरचा चेहरा पडला आणि तिने वही मिटली. ठेकेदाराशी बोलते म्हणाली. बोलली असेलही. अर्ध्या तासाने ठेकेदार स्वतः आला आणि त्याने मावशीला बाजूला घेतलं. तीन गाड्या सांगितल्यात, तीनच येतील. थर जरा पातळ गेला तर आभाळ कोसळत नाही. पंधरा-साडेपंधरा बसेल, वरून वाळू थोडी जास्त टाकू, ब्लॉकची पातळी जुळली म्हणजे झालं. अकरा वर्षांत आपलं कधी वाकडं झालं नाही, आताही होऊ नये. हे सगळं तो हळू आवाजात, समजुतीने बोलला, आणि मावशीला तेच जास्त लागलं. ओरडला असता तर तीही ओरडली असती.

"आणि चाकोऱ्या पडल्या की?" ती म्हणाली.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा तुम्ही रोलरकडे बघाल, साहेब. मी बघितलंय ते."

तो वळून गाडीकडे गेला. जाताना पसरणाऱ्या चौघांना सांगून गेला की खडी चाळीस मीटरला पुरली पाहिजे.

मग तिने जे केलं ते त्या चौघांनी पुढे कितीतरी दिवस लोकांना सांगितलं. ती भांडली नाही, काम बंद पाडलं नाही, डॉक्टरांच्या दारात जाऊन चहाडीही केली नाही. तिने टेप घेतला, फाटकापासून तीस मीटर मोजले आणि तिथे चराच्या आडवी चुन्याची एक पांढरी रेघ मारली. चौघांना म्हणाली, "या रेघेपुढे एक घमेलं जाणार नाही. साहेब विचारतील तर माझं नाव सांगा."

त्यातला एकजण म्हणाला, मावशी, काम जाईल. ती म्हणाली, जाऊ दे, दुसरीकडे चालत जायला पाय आहेत अजून.

दोन दिवस त्यांनी काम केलं ते पाठ्यपुस्तकात छापावं असं. खालची माती आधी रोलरने घट्ट करून घेतली. मग तेरा सेंटिमीटर सुटी खडी पसरली, कडेच्या खुंट्यांना ताणलेल्या दोरीखाली मोजून. पाणी शिंपडलं, धूळ होऊ नये आणि चिखलही होऊ नये इतपत. मग मावशी रोलरवर चढली, कडेकडून मध्याकडे, अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर घेत, खडी चाकाखाली कुरकुरायची थांबेपर्यंत. तेराचे दहा झाले. त्यावर पुन्हा तेरा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. रोलरचं चाक पोहोचत नाही तिथे कोपऱ्यात तिने स्वतः जड धुम्मस घेऊन हाताने ठोकलं. मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला तिसऱ्या गाडीचं शेवटचं घमेलं चुन्याच्या रेघेला येऊन संपलं. रेघेअलीकडे तीस मीटर रस्ता ताठ, सपाट, टाच आपटली तर टाचच दुखावी असा. रेघेपलीकडे पोर्चपर्यंत दहा मीटर रिकामा चर, आणि मध्ये वीस सेंटिमीटरची सरळ पायरी.

डॉक्टर संध्याकाळचे पेशंट बघायला पोर्चमध्ये आले आणि तो खड्डा बघून उभेच राहिले. हे काय, असं त्यांनी विचारलं. मावशी रोलरवरून उतरून म्हणाली की तीन गाड्यांत एवढाच रस्ता होतो. डॉक्टरांनी ठेकेदाराला फोन लावला आणि पंधरा मिनिटांत ठेकेदार हजर झाला, मागून इंजिनीअर.

ठेकेदाराचा संताप रास्त वाटावा असाच होता. सांगितलेलं ऐकलं नाही, सगळी खडी एकीकडे घातली, आता ती पोर्चकडे ओढायची तर दाबलेला थर पहारीने फोडावा लागेल. बाईने हट्टाने गिऱ्हाइकाचा रस्ता अडवून ठेवला, असं तो डॉक्टरांना सांगत होता. डॉक्टरांनाही तेच पटत होतं. त्यांना आकड्यांशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना गुरुवारी टँकर हवा होता. ते मावशीला म्हणाले की तीन गाड्या लागतात असं ज्यांनी शिकून सांगितलं त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का.

"या रस्त्यापुरतं कळतं," मावशी म्हणाली. "फोडून बघा. माझी ना नाही. फक्त सगळ्यांसमोर फोडा."

तेवढ्यात इंजिनीअर पुढे आली. तिने डॉक्टरांकडे एक वजनाचा काटा आणि एक लिटरचं माप मागितलं. दवाखान्यात पेशंटचं वजन करायचा काटा होता, तो बाहेर आला. मग तिने पहार मागून घेतली आणि दाबलेल्या थरात स्वतः गुडघ्यावर बसून एक लहान खड्डा खणायला लागली. खडी निघता निघेना. एकाने मदतीला हात पुढे केला तर तिने नको म्हटलं. निघालेला कणन् कण तिने बादलीत गोळा केला, बारीक चुरासुद्धा हाताने पुसून घेतला. मग खड्ड्यात पातळ प्लॅस्टिकचा कागद नीट चोपून बसवला आणि काठोकाठ पाणी ओतलं, मापाने मोजून. पाच लिटर. बादली काट्यावर ठेवली, रिकाम्या बादलीचं वजन वजा केलं. अकरा किलो.

पोर्चमध्ये वाट बघणाऱ्या दोन पेशंटसकट सगळे तिच्याकडे बघत होते. तिने वहीत भागाकार केला, खरं तर करायची गरज नव्हती.

"दोन पूर्णांक दोन," ती म्हणाली. "मी सुट्या खडीचं वजन लावलं होतं. साडेएकसष्ट टन लागतात. चार गाड्या. चूक माझी आहे."

ठेकेदार तिला म्हणाला की चूक कुणाची हे ऑफिसात ठरवू. ती म्हणाली, इथेच ठरली, आणि साइटच्या वहीत तिने जुना आकडा एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहिला, खाली सही केली, तारीख घातली. मावशी ते बघत होती. नोकरी नवी, वरचा माणूस समोर उभा, आणि आपलीच चूक आपल्याच अक्षरात. मावशीला वाटलं, वीस वर्षांपूर्वी त्या गोदामापाशी अशी एक सही असती तर.

डॉक्टर खाली वाकून त्या पाच लिटरच्या खड्ड्याकडे बघत होते. दात भरताना मसाला दाबून नाही भरला तर महिन्यात पडतो, हे त्यांनी कुणालाही न सांगता स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं. मग ठेकेदाराला विचारलं की चौथी गाडी कधी येईल.

चौथी गाडी बुधवारी सकाळी आली. तीन गाड्या तोंडाने सांगितल्या होत्या म्हणून चौथीचा बोजा ठेकेदाराने स्वतः उचलला, त्यात त्याने खळखळ केली नाही. मावशीने दहा मीटर भरले, दोन थरांत, इंजिनीअरने खणलेला खड्डाही ठोकून भरला, आणि पोर्चच्या पायरीपाशी खडी आणून सोडली. अर्धा टनभर खडी उरली. गुरुवारी टँकर वाळूवरून नव्हे, त्या उघड्या थरावरूनच आत आला, पाण्याने भरलेला, आणि चाकाची खूणसुद्धा उमटली नाही.

पण गोष्ट इथे गोड झाली असं नाही. शनिवारी ठेकेदाराने मावशीकडून रोलरची किल्ली मागितली. रागाने नाही. म्हणाला, तुमचं बरोबर होतं, पण माझ्या माणसांसमोर माझा शब्द मोडला, उद्या चौघे चार रेघा मारतील. दोन महिने घरी बसा, मग बघू. शिवाय मला डॉक्टरांना सॉरी म्हणायला लागलं, तेवढं तुम्ही मला म्हटलं तर मिटवून टाकू.

मावशीने किल्ली शर्टाच्या खिशातून काढून त्याच्या टेबलावर ठेवली. "चुकले असते तर म्हटलं असतं," ती म्हणाली आणि निघाली.

घरी नवरा कांदा चिरत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली नाही. गप्प बसली असतीस तर काय झालं असतं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, तुझ्यासारखं झालं असतं. बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण परत घेता येईना. त्याने दुसरा कांदा घेतला. मग म्हणाला, "तू तिथे खणायला गेली होतीस ना, गोदामापाशी? मला ते मुकादमाकडून कळलं होतं. किती निघाली होती?"

"चार बोटं."

"घट्ट होती?"

"पहार उडत होती."

त्याने मान हलवली आणि डोळे पुसले. कांदा होताच हाताशी. वीस वर्षांत त्याने हा प्रश्न विचारला नव्हता आणि तिनेही आपणहून सांगितलं नव्हतं, त्याला जुनं उकरून काढलेलं आवडणार नाही असं समजून. त्या रात्री तो नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवला.

दोन महिने झाले तरी ठेकेदाराचा निरोप आला नाही, आणि आला असता तरी ती गेली नसती. तिने हाताने ढकलायचं, थरथरणाऱ्या तव्याचं दाबयंत्र भाड्याने घेतलं आणि लहान कामं धरायला लागली. लोकांची गॅरेजं, दुकानांच्या मागच्या बाजू, गल्लीतली अंगणं. पसरायला त्या चौघांतले दोघे आले. पाठीमुळे वाकता येत नसलेला नवरा खुर्ची टाकून बसायचा आणि दोरी ताठ आहे का ते बघायचा. कुणी थर पातळ करायला सांगितलं की तो खुर्चीतूनच म्हणायचा, "दुसरीकडे बघा." हे दोन शब्द म्हणायला त्याला भारी आवडायला लागलं होतं.

इंजिनीअर त्या ठेकेदाराकडेच राहिली. अधूनमधून तिचा फोन यायचा. मुरुमाचं काय धरायचं, ओल्या खडीचं वजन काट्यावर जास्त दिसतं तर किती सोडायचं, असं विचारायची. मावशी सांगायची, आणि शेवटी म्हणायची, माझं ऐकू नका, खड्डा खणा.

एका स्कूटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचं काम आलं. दारापुढे बारा मीटर लांब, तीन मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर दाबून. मावशीने उभ्याउभ्या सांगितलं, साडेबारा टन. त्यात सांडलवंड धरली आहे. मेकॅनिकने मोबाइलवर कुठूनतरी हिशोब काढला आणि नऊ टन आलं असं दाखवलं. त्याच्या शेजाऱ्याने नऊतच केलं होतं म्हणे, आणि छान दिसत होतं.

"शेजाऱ्याचं करणाऱ्याला बोलवा मग," मावशी म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली.

मेकॅनिकने कुरकुर करत साडेबारा मागवली. काम झाल्यावर कडेला दोन-तीन ढकलगाडी खडी उरली. तो विजयी चेहऱ्याने त्या ढिगाकडे बोट दाखवत म्हणाला, बघा, जास्त मागवायला लावलीत.

"उरलेली दिसते तरी," ती म्हणाली. "कमी पडलेली ब्लॉकखाली जाऊन बसते."

त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. मावशीने यंत्र पुन्हा चालू केलं, त्याच्या दाराच्या उंबऱ्यापाशी राहिलेल्या हातभर पट्ट्यावरून दोनदा फिरवलं, आणि बंद करून टाच आपटून बघितली. मग खुर्चीतल्या माणसाला हात देऊन उठवलं, आणि ती पसरणाऱ्या दोघांना हाताशी घेऊन यंत्र टेम्पोत चढवायला लागली.